पान पडले, मुलगी नाचली : अकर्मक क्रियापदांच्या दोन जाती



'पान पडले' आणि 'मुलगी नाचली' ही दोन्ही वाक्ये शालेय व्याकरणात एकाच खान्यात जातात. क्रियापद अकर्मक, प्रयोग कर्तरी, कर्ता प्रथमेत, विषय संपला. ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान आहे त्या बाईंनी हाच भाग वर्षानुवर्षे शिकवला. एकच खाना पुरतो का, हा प्रश्न मला आज त्यांच्या विद्यार्थ्यांपुढे मांडायचा आहे. पान पडते तेव्हा ते काही करत नाही, त्याचे काहीतरी होते. मुलगी नाचते तेव्हा ती काहीतरी करत असते. हा अर्थाचा फरक कुणालाही दिसतो. वाक्याच्या रचनेतही तो कुठे उमटतो का आणि उमटत असेल तर तो ओळखायचा कसा, हा खरा अवघड भाग आहे.

1978 साली अमेरिकी भाषावैज्ञानिक डेव्हिड पर्लमटर यांनी एक धीट कल्पना मांडली. अकर्मक क्रियापदाच्या शेजारी जे एकुलते एक नाम असते, ते सगळीकडे एकाच जागी जन्माला येत नाही. 'नाचणे'चे नाम मुळातच कर्त्याच्या जागी असते. 'पडणे'चे नाम मुळात कर्माच्या जागी असते, आणि कर्त्याची जागा रिकामी दिसल्यावर तिथे सरकते. म्हणजे 'पान पडले' यातले पान हे वेश बदललेले कर्म आहे. इंग्रजीत 'पडणे'च्या गटाला अनअॅक्युझेटिव्ह आणि 'नाचणे'च्या गटाला अनर्गेटिव्ह म्हणतात. ही नावे जेफ्री पुलम यांनी सुचवली. कानाला ती जड आहेत, म्हणून आज मी 'पडणे'च्या गटाला कर्ममूल आणि 'नाचणे'च्या गटाला कर्तृमूल म्हणतो.

इथे कुणाला पाणिनी आठवला असेल, आणि ते योग्यच आहे. अष्टाध्यायीतले 3.1.87 हे सूत्र अशाच प्रकाराबद्दल आहे : लाकूड फोडले जाते तेव्हा लाकूड कर्म असते, पण 'लाकूड आपोआप फुटते' असे म्हटले की तेच लाकूड कर्ता होते आणि तरीही क्रियापदाचे रूप कर्मणीसारखे चालते. मात्र 'हे सगळे आपल्याकडे आधीच होते' असे म्हणण्याची घाई करू नये. ते सूत्र सकर्मक धातूंच्या अशा विशिष्ट वापराबद्दल आहे. 'मरणे' किंवा 'येणे' यांसारखे मुळातले अकर्मक धातू दोन गटांत वाटायचे काम ते करत नाही. पर्लमटर यांचा दावा त्याहून मोठा होता.

दावा मोठा असला की पुरावाही तसाच लागतो. वेश बदललेले कर्म ओळखायचे, तर कर्माच्या खास खोडी माहीत हव्यात आणि त्या या नामात दिसतात का ते पाहायला हवे. यालाच चाचणी म्हणायचे. सर्वांत सुरेख चाचण्या इटालियन भाषेत सापडतात. लुइजी बुर्त्सिओ यांनी 1986 च्या पुस्तकात त्यांची जी मांडणी केली, तिच्यावर या क्षेत्रातली पुढची एक पिढी वाढली.

इटालियनमध्ये पूर्ण भूतकाळासाठी दोन सहाय्यक क्रियापदे आहेत : 'एस्सेरे' म्हणजे असणे आणि 'आवेरे' म्हणजे जवळ असणे. मारिया आली, तर म्हणतात 'मारिया ए आरिवाता', शब्दशः 'मारिया आहे आलेली'. मारियाने फोन केला, तर 'मारिया आ तेलेफोनातो', म्हणजे 'मारियाजवळ आहे फोन केलेले'. फोन करणे हे त्या भाषेत एकाच शब्दाचे अकर्मक क्रियापद आहे. पहिल्या वाक्यात 'ए' आणि दुसऱ्यात 'आ' हा सहाय्यकाचा फरक झाला. आता कृदन्ताकडे पाहा. 'आरिवाता'चा शेवट स्त्रीलिंगी आहे, तो मारियाशी जुळतो. 'तेलेफोनातो' मारिया असो की मार्को, तसेच राहते. मराठी कानाला यात ओळखीचे काहीतरी ऐकू यायला हवे. 'रामाने पोळी खाल्ली, रामाने आंबा खाल्ला' : आपल्याकडेही भूतकाळी कृदन्त कर्माच्या लिंगामागे जाते, कर्त्याच्या नाही. इटालियन कृदन्त मारियामागे गेले, कारण 'येणे' या क्रियापदाशी तिचे नाते कर्माचे आहे, असे बुर्त्सिओंचे म्हणणे.

तिसरी चाचणी मला सर्वांत आवडते, कारण ती अर्थाच्या हाती लागत नाही. इटालियनमध्ये 'ने' असा एक छोटा शब्द आहे, अर्थ 'त्यांतले'. 'त्यांतली पुष्कळ वाचली' असे म्हणताना पुस्तके कर्म आहेत, तिथे हा शब्द चालतो. सकर्मक क्रियापदाच्या कर्त्यातून तो काढता येत नाही. 'त्यांतले पुष्कळ येतील' हे 'ने आरिव्हेरान्नो मोल्ती' असे बिनदिक्कत म्हणता येते. 'त्यांतले पुष्कळ फोन करतील' मात्र 'ने तेलेफोनेरान्नो मोल्ती' असे म्हणता येत नाही, इटालियन माणूस ते वाक्य तुटलेले समजतो. येणारे लोक आपल्या इच्छेनेच येतात, फोन करणारेही आपल्या इच्छेनेच करतात. फरक इच्छेचा असता, तर दोन्ही वाक्ये सारखीच वागली असती.

तिन्ही चाचण्या एकाच रेषेवर कापतात आणि रेषा अर्थाशीही बरीच जुळते. एकच क्रियापद रेषेच्या दोन्ही बाजूंना असल्याचेही दिसते. 'कोर्रेरे' म्हणजे धावणे. जान्नी दोन तास धावला, तर सहाय्यक 'आवेरे'. जान्नी धावत घरी गेला, म्हणजे धाव एका ठिकाणी पोचली, तर 'एस्सेरे'. डचमध्ये सायकल चालवण्याचे हेच होते : नुसती चालवली तर 'हेबन', चालवत घरी पोचलात तर 'झैन'. म्हणजे गट क्रियापदाच्या कपाळावर कायमचा कोरलेला नसतो. शेवट असलेली घटना सांगायची आहे की चालू असलेली कृती, यावर तो ठरतो.

इटालियन पाहून झाल्यावर माणसाला वाटते, आता प्रत्येक भाषेत जाऊन सहाय्यक मोजायचे की काम झाले. इथेच अभ्यासक फसतात. जर्मनमध्येही दोन सहाय्यके आहेत, 'झाइन' आणि 'हाबन'. धावणे, जर्मनमध्ये 'लाउफन', कुठे पोचण्याचा उल्लेख नसतानाही 'झाइन' घेते. सहाय्यकाचा निकाल मानला, तर धावणे कर्ममूल ठरले. आता कृदन्ताला विचारू. कर्ममूल क्रियापदाचे कृदन्त जर्मनमध्ये नामाआधी विशेषणासारखे लावता येते : 'पोचलेला पाहुणा' म्हणता येते, 'हसलेले मूल' म्हणता येत नाही. 'धावलेला माणूस' म्हणता येत नाही. 'घरी धावत गेलेला माणूस' म्हटले, तर चालते. एकाच भाषेत, एकाच क्रियापदावर दोन चाचण्यांनी दोन निकाल दिले. जर्मन सहाय्यक स्थलांतराची हालचाल पाहते, कृदन्त तिचा शेवट पाहते. दोघांनाही कर्ममूलतेचा वास येतो, पण प्रत्येकाला सोबत आणखी कशाचा तरी वास येतो.

फ्रेंचमध्ये चूक उलट्या बाजूने होते. तिथे 'असणे' हे सहाय्यक घेणारी अकर्मक क्रियापदे आता मूठभरच उरली आहेत : जाणे, येणे, मरणे, जन्मणे, पडणे अशी. वितळणे त्यांत नाही. बर्फ वितळला, तर 'जवळ असणे' हेच सहाय्यक येते, जणू बर्फाने काही केले. पण 'वितळलेला बर्फ' असे विशेषण फ्रेंच माणूस सहज करतो, आणि ते कर्ममूल असल्याची खूण आहे. फ्रेंचचे 'असणे' हे सहाय्यक आता इतके आखडले आहे, की ते आले तर त्यावर विश्वास ठेवावा, आले नाही तर त्यावरून काहीच ठरवू नये. एकतर्फी चाचणी उलट दिशेने वापरणे ही या क्षेत्रातली सर्वांत जास्त घडणारी चूक आहे.

अर्थावरून गट सांगता येतो, असे पर्लमटर यांना वाटत होते. त्याला 1980च्या दशकातच धक्के बसू लागले. लाजून लाल होणे घ्या. इटालियन 'आर्रोस्सिरे' 'असणे' घेते, डच 'ब्लोझन' 'जवळ असणे' घेते. गाल तेच, लाजही तीच. इटालियन शब्दाच्या पोटात 'लाल होणे' म्हणजे बदल आहे, डच शब्द लाली चालू असल्याचे सांगतो, असे स्पष्टीकरण देता येते. ते मला पटतेही, पण हे स्पष्टीकरण आपल्याला निकाल कळल्यानंतरच सुचते, हेही मान्य करायला हवे.

आन्तोनेल्ला सोराचे यांनी 2000 साली या गोंधळाला एक आकार दिला. निरनिराळ्या युरोपीय भाषा बोलणाऱ्यांना वाक्ये कितपत चालतात, यावर तो आधारलेला होता. एका टोकाला स्थान बदलणारी क्रियापदे, येणे-जाणे-पोचणे. दुसऱ्या टोकाला इच्छेने केलेली, कुठेही न नेणारी कृती, बोलणे-काम करणे. टोकांवर लोक ठाम असतात आणि भाषा एकमताने वागतात. मधल्या पायऱ्यांवर, म्हणजे टिकणे, असणे, थरथरणे अशा ठिकाणी, एकच माणूस डगमगतो आणि शेजारच्या दोन भाषा वेगळ्या वाटा धरतात. इटालियनमध्ये पाऊस पडण्याच्या क्रियापदाला दोन्ही सहाय्यके चालतात. रेषा आहे, पण मधोमध ती पुसट आहे.

आता विभक्तीकडे येऊ. त्यासाठी बास्क भाषेसारखे ठिकाण नाही, कारण तिथे सहाय्यक आणि विभक्ती एकाच वेळी बोलतात. स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवरची ही भाषा आसपासच्या कुठल्याच भाषेच्या नात्यातली नाही. सकर्मक वाक्यात कर्त्याला 'क' हा प्रत्यय लागतो, जवळजवळ आपल्या 'ने'सारखा, आणि सहाय्यक 'दु' येते. मिरेन नावाची बाई पडली, तर 'मिरेन एरोरी दा' : नामाला काही नाही, सहाय्यक 'दा', म्हणजे आहे. मिरेन हसली, तर 'मिरेनेक बार्रे एगिन दु' : प्रत्ययही लागला आणि 'दु'ही आले. शब्दशः ते 'मिरेनने हसू केले' असे आहे. म्हणजे बास्क कर्तृमूल अकर्मकाला उघडउघड सकर्मकाचे कपडे घालते. पण सगळी कर्तृमूल क्रियापदे अशी 'करणे'वर बेतलेली नाहीत. नाचण्यासाठी 'दान्त्सातु' हे एकशब्दी क्रियापद आहे. पश्चिमेकडच्या बोलींत ते 'क' आणि 'दु' घेते, पूर्वेकडे फ्रान्सच्या बाजूला 'क' गळतो आणि 'दा' येते. नाचण्याची कृती डोंगर ओलांडल्यावर बदलत नाही, बोलीची रेषा सरकते. आणि पाणी उकळणे पाहा : 'उराक इराकिन दु'. पाण्याला कर्त्याचा प्रत्यय! पाण्याला इच्छा नाही, तरी आतून उसळणारी क्रिया आहे म्हणून बास्क त्याला करणारा मानते. विभक्तीची चाचणी म्हणजे इच्छेची चाचणी असे ज्यांना वाटते, त्यांनी हे वाक्य पाठ करून ठेवावे.

आपल्या घरच्या भाषांकडे वळताना हिंदीपासून सुरुवात करतो. हिंदीत भूतकाळात 'ने' सकर्मक कर्त्याला लागतो, पण काही अकर्मकांनाही : 'उसने छींका', 'उसने खाँसा'. 'वह खाँसा' असेही म्हणतात, आणि पुष्कळांच्या कानाला 'ने' लावल्यावर खोकला मुद्दाम काढल्यासारखा वाटतो. 'उसने गिरा' किंवा 'उसने मरा' मात्र कधीच होत नाही. म्हणून 'ने' दिसला, तर क्रियापद कर्तृमूल. न दिसला, तर निर्णय नाही. 'दौड़ना' कर्तृमूल असूनही सहसा 'ने' घेत नाही. पुन्हा तीच एकतर्फी चाचणी.

मराठीत हीही सोय नाही. 'तो शिंकला, तो खोकला, तो नाचला, तो मेला' : भूतकाळात सगळे एका रांगेत प्रथमेत उभे. उलट 'तो धडा शिकला', 'ती पत्ता विसरली' अशी कर्म घेणारी क्रियापदेही आपण 'ने'शिवाय चालवतो. सहाय्यकाचा प्रश्नच उद्भवत नाही : 'आला आहे' आणि 'खाल्ले आहे', दोन्हींत 'आहे'च. राहिले कृदन्त. 'पडलेले पान, पिकलेला आंबा, मेलेला उंदीर' ऐकून जर्मनसारखी चाचणी हाती लागली असे वाटते. पण मराठीचे '-लेला' फार उदार आहे. 'हे पुस्तक वाचलेला मुलगा' आपण सहज म्हणतो. तिथे मुलगा चक्क सकर्मक क्रियापदाचा कर्ता आहे. जे कृदन्त कर्त्यालाही चिकटते, ते वेश बदललेले कर्म कसे ओळखणार? 'स्पर्धेत नाचलेली मुलगी' म्हणूनच आपल्याला खटकत नाही. युरोपीय भाषांची चाचणी जशीच्या तशी उचलून मराठीवर लावली, तर 'मराठीत हा फरकच नाही' असा चुकीचा निष्कर्ष निघेल.

फरक आहे, पण तो वेगळ्या कोपऱ्यात आहे. '-आवा' हे रूप घ्या. 'आंबा पिकावा', 'तो मरावा अशी कुणाचीच इच्छा नव्हती' : नाम प्रथमेत, क्रियापद त्याच्याशी जुळलेले. आता 'ती नाचावी अशी सर्वांची इच्छा होती' म्हणून पाहा. माझ्या कानाला हे अडखळते. 'तिने नाचावे' हवे. 'त्याने पोहावे', 'तो पोहावा' नव्हे. म्हणजे भूतकाळात लपलेला 'ने' इथे बाहेर येतो आणि अकर्मकांना दोन ओळींत उभे करतो. 'येणे' दोन्हीकडे चालते : 'ती यावी' आणि 'तिने यावे'. पहिल्यात तिचे येणे ही घटना हवीशी आहे, दुसऱ्यात अपेक्षा तिच्याकडून आहे. हीच चाचणी 'मुले शिकावीत' हे वाक्यही पास करते, आणि ते तर आपण रोज ऐकतो. तिथे शिकणे ही मुलांनी केलेली मेहनत राहत नाही, मुलांचे शहाणे होणे होते. 'ती हसावी' बद्दल मी ज्यांना विचारले, त्यांच्यात एकमत झाले नाही. सोराचेंच्या मधल्या पायऱ्या आठवा.

या चाचणीत सोबत काय मोजले जाते, तेही सांगायला हवे. 'घंटा वाजावी', 'घड्याळ चालावे' म्हणतो, 'घंटेने वाजावे' कुणी म्हणत नाही. इथे '-आवा' सजीव-निर्जीव पाहते. बास्क पाण्याला कर्तेपण देते, तसे मराठी घंटेला देत नाही. त्यामुळे निर्जीव नामांवर ही चाचणी लावून काही सिद्ध होत नाही. ती सजीव नामांच्या जोड्यांवरच लावावी : मरणे आणि नाचणे, दोन्हींत माणूस.

मग हे सगळे इच्छेवरच उभे आहे का? इथे दुसरी मराठी चाचणी उपयोगी पडते : '-ऊन घेणे'. 'जरा रडून घे', 'थोडे झोपून घेतो', 'सकाळी पोहून घेतले'. दुसऱ्या बाजूला 'मरून घे' नाही, 'उमलून घे' नाही. इतपत इच्छेने सांगता येईल. पण 'मी काल मुद्दाम लवकर आलो' यात इच्छा ठासून भरली आहे, तरी 'मी लवकर येऊन घेतले' असे मराठी माणूस म्हणत नाही. 'पोचून घेतो', 'निघून घेतो' हेही नाही. येणे, पोचणे, निघणे ही इच्छेने होतात, आणि तरीही 'घेणे' त्यांना नाकारते. इटालियनमध्ये 'एस्सेरे' घेणारी, 'ने' हा छोटा शब्द चालणारी क्रियापदे हीच. '-आवा' येण्याला दोन्ही दारे उघडी ठेवते, 'घेणे' एक दार बंद करते, म्हणून दोन्ही चाचण्या एकत्र लावल्याशिवाय निकाल देऊ नये.

आणि 'पडणे'. सुरुवातीला मी ते कर्ममूलतेचे साचेबंद उदाहरण म्हणून घेतले. 'आंबा पडून घेतला' अशक्य, 'जिन्यावरून पडून घेतले' तेही अशक्य. पण दुपारी जेवणानंतर घरातले मोठे माणूस म्हणते, 'जरा पडून घेतो', आणि कुणालाही ते वाक्य चुकीचे वाटत नाही. ते आडवे होणे आहे, शरीराची बैठक बदलून ती काही वेळ राखणे आहे. 'बसून घ्या' त्याच घरातले. '-आवा'लाही विचारा : जिन्यावरून 'तो पडावा' असे शत्रू म्हणेल, आणि आजारी माणसाबद्दल डॉक्टर म्हणतील, 'त्यांनी थोडा वेळ पडावे'. दोन्ही चाचण्या इथे एकाच बाजूने बोलतात : 'पडणे' या एका ध्वनिरूपात मराठीने दोन अकर्मके ठेवली आहेत, एकाचे नाम कर्माच्या जागचे, दुसऱ्याचे कर्त्याच्या. शब्दकोशात ती एकाच नोंदीखाली, दोन अर्थ म्हणून येतात.